डिग्री आणि सायकल जुळल्या की आयसोमॉर्फिक म्हणायला काय हरकत आहे?

वेदा_क: दोन ग्राफची डिग्री सिक्वेन्स सारखी आली, त्रिकोण नि चौकोनी सायकल तेवढ्याच निघाल्या, की माझ्या मते ते आयसोमॉर्फिक, म्हणजे बिंदूंची नावं बदललेला एकच ग्राफ. मॅपिंग शोधत बसण्यात वेळ जातो नुसता. पटतंय का?

ओम_गणिती: बऱ्यापैकी पटतं. सहा बिंदू, प्रत्येकाची डिग्री तीन, असे दोन ग्राफ घे, K₃,₃ आणि प्रिझम. डिग्रीवरून काहीच कळत नाही, पण प्रिझममध्ये दोन त्रिकोण आहेत आणि K₃,₃ मध्ये एकही नाही, मिटलं! आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मॅट्रिक्सच्या आयगनव्हॅल्यू काढायच्या, तिथे निकाल लागतोच.

जुना_मास्तर: नाही लागत. 4×4 चा पट घ्या, एकाच ओळीत किंवा एकाच स्तंभात असलेली घरं जोडा. हा झाला रूक ग्राफ. आता तीच 16 घरं, पण पटाच्या कडा एकमेकींना चिकटवलेल्या, आणि प्रत्येक घर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि एकाच कर्णावरच्या दोन घरांना जोडलेलं, हा श्रीखंडे ग्राफ, आपल्या शरदचंद्र श्रीखंडे यांनी 1959 साली दाखवलेला. दोन्हीकडे सगळ्या डिग्री 6, एज 48, त्रिकोण 32, चौकोनी सायकलही तेवढ्याच, आयगनव्हॅल्यूसुद्धा त्याच. तरीही ग्राफ वेगळे! कोणताही एक बिंदू धरा आणि त्याचे सहा शेजारी आपसात कसे जोडलेत ते बघा, रूकमध्ये दोन सुटे त्रिकोण मिळतात आणि श्रीखंडेमध्ये सहा जणांचं एकच कडं.

मीरा७: माझंही असंच झालं होतं, परीक्षेत एका ग्राफच्या रेघा एकमेकींना छेदत होत्या, दुसऱ्याच्या नव्हत्या, मी वेगळे लिहून आले आणि मार्क गेले.

जुना_मास्तर: मीरा, ते चित्राचं झालं. रेघा छेदतात की नाही हे काढणाऱ्यावर असतं, ग्राफवर नाही. इथे चित्र कसंही काढा, ते दोघं जुळणारच नाहीत.

वेदा_क: मग शेजाऱ्यांची ही तपासणी पण यादीत घालू ना, आता तरी पुरेल?

जुना_मास्तर: या जोडीला पुरेल, पुढची जोडी तिलाही चकवेल. फरक दिसला की "वेगळे" हे सिद्ध झालं, पण सगळं जुळलं तर काहीच सिद्ध होत नाही. "सारखे" म्हणायचं तर कोणता बिंदू कोणावर जातो ते लिहून प्रत्येक एज तपासून दाखवावी लागते.

ओम_गणिती: आयगनव्हॅल्यूचं माझं चुकलंच, मान्य. पण मॅपिंग आंधळेपणानं शोधलं तर 16! शक्यता आहेत, कोण बघणार? डिग्री, सायकल अशा मॅपिंगने न बदलणाऱ्या इन्व्हेरियंटनीच त्या कमी होतात, डिग्री 2 चा बिंदू डिग्री 2 वरच जाणार.

जुना_मास्तर: ते खरंय, पण या दोन ग्राफमध्ये सगळे बिंदू एकसारखेच दिसतात, तिथे डिग्री काय कमी करणार? एक बिंदू हातानं पक्का करायचा आणि मग त्याच्यापासूनच्या अंतरानं बाकीचे वेगळे करत जायचं.

वेदा_क: सहा-सात बिंदूंच्या गणितात तरी मी आधी इन्व्हेरियंटच बघणार. पण सगळं जुळलं की थेट "आयसोमॉर्फिक" लिहायचे, ते आता नाही लिहिणार.