मदत हवी आहे: पहिलीच्या छोट्या प्रमाणपत्रावर नेमकं काय लिहू?

मी ऐरोलीत सिनिअर केजी आणि पहिलीला शिकवते. अधूनमधून मुलांना पोस्टकार्डाएवढी प्रमाणपत्रं देते. ‘हुशार मुलगी’, ‘छान काम’ लिहिणं सोडलंय, कारण आपण काय बरोबर केलं ते मुलांना त्यातून कळत नाही. आता मुलानं काय केलं आणि त्यातून काय झालं, एवढंच लिहिते. गोल कापताना जिचा कागद फाटायचा, तिला लिहिलं: ‘तू कात्री न वळवता दुसऱ्या हातानं कागद फिरवलास. म्हणून गोल नीट कापला गेला.’

अडलंय ते पहिलीतल्या एका मुलापाशी. ‘घ’ आणि ‘ध’मध्ये तो अजून गोंधळतो, पण हल्ली लिहून झालं की आपणहून फळ्याशी ताडून बघतो, चुकलेलं खोडतो. ‘खूप प्रयत्न केलास’ म्हटलं तर समजूत काढल्यासारखं वाटतं. (शिवाय पालक विचारणार, बक्षीस कशाचं?) माझा मसुदा: ‘तू लिहिलेलं फळ्याशी ताडून पाहिलंस आणि चुकलेला ‘ध’ स्वतः शोधलास.’

यात ‘चुकलेला’ ठेवावा का? आणि जोडाक्षरं टाळून, त्याला स्वतःला वाचता येईल असं वाक्य कुणी सुचवेल का? छापायला अजून दोन दिवस आहेत.