गिल्ड बँक सगळ्यांना उघडी असावी की रँकप्रमाणे कुलूप? रविवारी ठरवायचंय

सातपुड्याचा_शमन:
वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये आमची तीसेक जणांची गिल्ड आहे. पुणे, नाशिक, दोघं दुबईत, एक जण न्यू जर्सीत. गेल्या आठवड्यात रेडच्या आधी दुसऱ्या टॅबमधले फ्लास्क जवळजवळ संपलेले निघाले आणि व्हॉइसवर भांडण पेटलं. आज सगळ्यांनाच सगळं काढता येतं. निम्मे म्हणतात कुलूप लावा, निम्मे म्हणतात मित्रांत कसलं कुलूप. तुमच्याकडे कसं आहे, आणि का?

भांडारी:
कुलूप लावा, पण आधी ते कसलं आहे ते बघा. गिल्ड कंट्रोलमध्ये दहापर्यंत रँक करता येतात. प्रत्येक रँकला प्रत्येक टॅबसाठी वेगळं ठरवता येतं: टॅब दिसावा का, त्यात टाकता यावं का, आणि दिवसाला किती गठ्ठे काढता यावेत. फसगत होते ती शेवटच्या आकड्यात. मर्यादा गठ्ठ्यांची असते, नगांची नाही. वीस फ्लास्कचा अख्खा गठ्ठा उचलला तरी एक, आणि त्यातला एकच फ्लास्क उचलला तरी एक.

शिवाय ही मर्यादा माणसाला नसते, कॅरेक्टरला असते. समजा रेडर रँकला दिवसाला 10 गठ्ठे दिलेत, आणि एखाद्याचे तीन आल्टही त्याच रँकवर आहेत. तो एकटा रोज 40 गठ्ठे काढू शकतो. एका टॅबमध्ये जागा 98. म्हणजे तिसऱ्या दिवशी टॅब रिकामा, आणि एकही नियम मोडलेला नाही. तेच रेडरला 2 गठ्ठे आणि आल्टसाठी शून्य काढण्याची वेगळी रँक केली, तर त्याच माणसाला तोच टॅब रिकामा करायला 49 दिवस लागतील. तोवर कोणाच्या तरी लक्षात येतंच.

तुमचे फ्लास्क चोरीला गेले असतील असं मी म्हणत नाही. तिघांनी आपापल्या आल्टसाठी थोडे थोडे नेले असले तरी टॅब असाच दिसेल.

मीनल_प्रीस्ट:
एवढा हिशेब कशाला? लॉग असतो की! कोणी काय काढलं ते नावासकट दिसतं. बँक उघडी ठेवायची आणि रविवारी लॉग वाचायचा. लाजेखातर माणूस सरळ वागतो.

भांडारी:
लॉग असतो हे खरं, पण एका टॅबचे फक्त शेवटचे 25 व्यवहार दिसतात. चालू गिल्डमध्ये रेडच्या एका रात्रीत तेवढे होऊन जातात. आणि ज्याला लपवायचंय तो फ्लास्क काढल्यावर लिननच्या चिंध्या पंचवीस वेळा टाकतो, की झालं. म्हणून लॉगवर विसंबायचं असेल तर तो रोज जपून ठेवणारं अ‍ॅडऑन लावा आणि ते किमान दोन ऑफिसरांकडे चालू असू द्या. एकाच टॅबमध्ये एका माणसाच्या फुटकळ वस्तूंची लांबच लांब रांग दिसली, तर त्याच्या आधी काय होतं ते शोधा.

मीनल_प्रीस्ट:
पंचवीसच? हे माहीत नव्हतं. तरी माझं म्हणणं बदलत नाही, अ‍ॅडऑन लावू.

वाड्यातला_वॉरलॉक:
मी उघड्या बँकेच्या बाजूचा, आणि मैत्रीबित्रीच्या कारणाने नाही. कुलपाचं नुकसान कोणी मोजतच नाही. आमच्या जुन्या गिल्डमध्ये रेडचा टॅब फक्त ऑफिसरांसाठी होता. रेड रात्री साडेनऊला, ऑफिसर दहाला उगवणार. वीस माणसं दाराशी उभी, फ्लास्क कुलपात. शेवटी प्रत्येक जण ऑक्शन हाउसमधून स्वतःचं विकत घ्यायला लागला आणि बँकेत टाकायचंच सोडून दिलं. मला काढता येणार नाही, तर मी टाकू का?

मग नवीन एक्सपान्शन आलं. बँकेत चार टॅब भरून औषधं आणि जुन्या धातूच्या विटा, कोणाच्याही कामाच्या नाहीत. भाव एका आठवड्यात मातीमोल. चोराने नेलं असतं तर निदान कोणीतरी प्यायलं असतं! या खेळात साठवलेला माल शिळा होतो, हे कुलूपवाले विसरतात.

भांडारी:
शिळं होण्याबद्दल सहमत. पण ती चूक शून्य मर्यादेची. रेडरला 2 दिले असते तर कोणी दाराशी उभं राहिलं नसतं.

वाड्यातला_वॉरलॉक:
दोनचे तीन कोण करणार, त्याचं परत भांडण. ऑफिसरांचा निम्मा वेळ परवानग्यांच्या खिडकीत जातो. खेळायचं कधी?

क्लॅश_वाला_बाळू:
क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये हे झंझटच नाही. 50 जणांचा क्लॅन, लीडर, को-लीडर, एल्डर, मेंबर, बास. कॅसलमध्ये सैन्य मागायचं, लोक देतात. आमचा वांधा वेगळाच झाला. एकाला को-लीडर केलं, त्याने रात्रीत अर्धा क्लॅन बाहेर काढला. सांगा, यावर काय उपाय?

सातपुड्याचा_शमन:
बाळूभाऊ, तुमच्याकडे सगळ्यांनी मिळून उचलायचं असं कोठारच नाही, जो तो आपलं देतो. माझा प्रश्न कोठाराचा आहे.

जिता_कॅप्टन:
बाळूचा प्रश्न उडवून लावू नका, तोच खरा आहे. तुम्ही सगळे खालच्या रँकची चोरी मोजताय. मोठं नुकसान वरून होतं.

ईव्ह ऑनलाइन घ्या. तिथे कॉर्पोरेशनच्या हँगरचे सात भाग आणि वॉलेटचेही सात भाग असतात. कुठल्या भागात नुसतं बघता येईल आणि कुठून काढता येईल, ते वेगवेगळ्या रोलने देतात. वॉरक्राफ्टपेक्षा कितीतरी बारीक कुलपं. पण डायरेक्टर रोल दिला की ती सगळी त्या माणसाला उघडी. शिवाय एक डायरेक्टर दुसऱ्याला हटवू शकत नाही, ते फक्त सीईओच्या हातात. सीईओ झोपलेला असेल तर खेळ खलास.

2005 मध्ये गायडिंग हँड सोशल क्लबची माणसं महिनोन्‌महिने उबिका सेराफमध्ये राहून विश्वासाच्या जागांवर पोचली. मग एका रात्री हँगर साफ केले आणि सीईओचं जहाजही उडवलं. 2009 मध्ये बँड ऑफ ब्रदर्सचा एक डायरेक्टर गूनस्वार्मला फितूर झाला. त्याने माल नेला तो नेलाच, वर अख्खी अलायन्सच बंद करून टाकली. परवानगी होती, बटण दाबलं. डेल्व्हमधल्या त्यांच्या प्रदेशावरचा ताबा गेला, आणि खेळ चालवणाऱ्या सीसीपीने ते तसंच राहू दिलं. नियमात बसणारी गद्दारी ईव्हमध्ये खेळाचाच भाग आहे.

म्हणून फ्लास्कला 2 द्या की 10, फार फरक पडत नाही. ऑफिसर किती आणि कोण, ते आधी मोजा.

भांडारी:
ईव्हचा मासला वॉरक्राफ्टला जसाच्या तसा लागत नाही. इथे गिल्ड मोडणं फक्त गिल्डमास्टरच्या हातात आहे. पण ऑफिसरांबद्दल मान्य. इथेही ज्याला काढायची परवानगी होती त्याने काढलं, तर तो तुमचा घरगुती मामला ठरतो, गेममास्टर माल परत देत नाहीत. अकाउंट हॅक झालं असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी रँकला ऑथेंटिकेटर सक्तीचा करता येतो, ऑफिसरला तो लावाच.

सातपुड्याचा_शमन:
आमच्याकडे तीस जणांत सात ऑफिसर आहेत. आता लिहिताना मलाच हसू येतंय.

जिता_कॅप्टन:
तीन ठेवा.

वाड्यातला_वॉरलॉक:
आणि ज्या चौघांची रँक जाईल ते गिल्ड सोडतील, लिहून घ्या. नाशिककरांना काढलं तर मी स्वतः पॉपकॉर्न घेऊन येतो.

मीनल_प्रीस्ट:
रँकचं नाव ऑफिसरच ठेवा की, खाली नवी रँक करा "ज्येष्ठ ऑफिसर" म्हणून, बँक शून्य. मान राहील. दहा रँक आहेत ना?

भांडारी:
चालेल. पण सोन्याची मर्यादा टॅबपासून वेगळी असते, ती तपासा. त्या चौघांना फक्त दुरुस्तीपुरतं सोनं ठेवा, रोख काढणं बंद. वाइपवर वाइप झाल्या की चिलखतांची दुरुस्ती गिल्डच्या पैशातून होते, तेवढं चालू राहिलं तर कोणी कुरकुरत नाही.

सातपुड्याचा_शमन:
दुरुस्तीला दिवसाचं किती ठेवू? टँकला जास्त लागतं ना?

वाड्यातला_वॉरलॉक:
झालं सुरू. टँकला वेगळी रँक, हीलरला वेगळी...