मदत हवी आहे: राउटरचं पान चिनी भाषेत, वायफायचा पासवर्ड बदलायचाय

ऐरोलीकर: भाऊ शांघायहून परतताना तिथला राउटर घेऊन आला, तोच आता घरी लावलाय. रंगकामाच्या वेळी कामगारांना पासवर्ड दिला होता, म्हणून बदलायचाय. 192.168.1.1 उघडलं तर सगळं चिनी. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर केलं, तर दोन ठिकाणी नुसतंच ‘पासवर्ड’ येतंय. उद्या बाबांची डॉक्टरांशी व्हिडिओवर भेट आहे, नेट बंद पडायला नको. कुठला बदलू?

कळवा_नाका: मागच्या भोकात पिन घालून रिसेट करा. सगळं कोरं होतं, मग नवा पासवर्ड द्या.

वायरमन_ठाणे: थांबा, रिसेट करू नका! वायफायचा पासवर्ड जातो हे खरं, पण त्यासोबत नेट कंपनीने दिलेलं युजरनेम आणि पासवर्डही पुसले जातात. ते हाताशी नसतील तर उद्याची भेट गेलीच. 恢复出厂设置 लिहिलेलं बटण म्हणजे हाच रिसेट, त्यालाही हात लावू नका.

ऐरोलीकर, दोन्ही रकान्यांवर 密码 असेल, म्हणून भाषांतर सारखंच येतंय. फरक वरच्या मथळ्यात असतो. 宽带 असेल तर ते ब्रॉडबँडचं खातं, तिथे काही बदलू नका. 无线 असेल तर वायफाय. आणखी पक्की खूण म्हणजे त्याच्या वरच्या रकान्यात तुमच्या फोनवर दिसणारं वायफायचं नावच लिहिलेलं असेल. आधी दोन्ही पानांचे फोटो काढून ठेवा.

नवा पासवर्ड इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांत, किमान 8 अक्षरांचा हवा. मग 保存 दाबा. त्या क्षणी फोनचं वायफाय तुटेल, ते तुटायलाच हवं. फोनमध्ये जुनं नेटवर्क ‘विसरा’ करून नव्या पासवर्डने जोडा. जमल्यास लॅपटॉपला केबल लावून करा, म्हणजे पान मध्येच हातातून सुटत नाही.

खारघर_सेक्टर१२: आमच्याकडे पासवर्ड बदलल्यावर दाराचा कॅमेरा दोन दिवस बंद होता, कोणाच्या लक्षातच आलं नाही. आणि भाषा बदलायचा पर्याय वर उजव्या कोपऱ्यात असतो ना?

वायरमन_ठाणे: सगळ्यांत नसतो. चीनच्या बाजारासाठी बनलेल्या बऱ्याच राउटरांत फक्त चिनीच असते. कॅमेरा, टीव्ही, प्रिंटर, सगळ्यांना नवा पासवर्ड हाताने द्यावा लागतो.

ऐरोलीकर: झालं! 无线 खालीच आमचं ‘Aai-Ghar’ दिसलं, तिथेच बदललं. वायफाय तुटलं तेव्हा काळजात धस्स झालं, पण मिनिटभरात जोडलं गेलं. नेट चालू आहे, आता टीव्हीला नवा पासवर्ड देतोय. एक राहिलं: या पानात शिरायचा पासवर्ड अजून भावाने ठेवलेलाच आहे, तोही त्या कामगारांसमोरच टाकला होता. 修改登录密码 म्हणजे तोच का?

वायरमन_ठाणे: हो, लॉगिनचा पासवर्ड बदलणं. तोही बदला, पण बाबांची भेट झाल्यावर. आणि कागदावर लिहून ठेवा. तो विसरलात तर बहुतेक वेळा रिसेटशिवाय मार्ग नसतो.

कळवा_नाका: मग नेटचं युजरनेम आधी कंपनीकडून मागून ठेवायचं का?

ऐरोलीकर: उद्या सकाळी फोन करतो. त्यांनी दिलं तर इथे सांगेन.