मदत हवी आहे: सिकलसेल पालक गटाचा नियम कसा मांडावा?

नमस्कार मंडळी. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या गावात सिकलसेल असलेल्या लेकरांचे आईवडील दर महिन्याला अंगणवाडीत जमतात. मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पोराला हायड्रॉक्सियुरियाची एक कॅप्सूल रोज देतो, दुखणं कमी झालं." त्यांचा मुलगा 14 वर्षांचा. ते ऐकून दुसऱ्या बाईंनी आपल्या 6 वर्षांच्या मुलीसाठी तीच कॅप्सूल मागून नेली! आशाताईंना वेळेत कळलं म्हणून बरं. या औषधाची मात्रा वजनावर ठरते, शिवाय त्यानं पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हणून रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.

आता मी नियम लिहिलाय: "स्वतःच्या लेकराला काय झालं ते सांगा, दुसऱ्याच्या लेकराला काय द्यायचं ते सांगू नका. औषधाचं नाव चालेल, मात्रा नाही, उरलेली औषधं देणं तर नाहीच."

पण माझी अडचण वेगळीच आहे. हा नियम ऐकून लोक तापाबद्दलही गप्प बसतील, याची भीती वाटते. सिकलसेलमध्ये प्लीहा नीट काम करत नाही, संसर्ग झपाट्यानं पसरतो. ताप 101 च्या वर गेला, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर "आत्ताच दवाखान्यात न्या" हे कोणीही, कधीही सांगायलाच हवं.

ही सूट नियमात कशी बसवू? अर्ध्या बायांना वाचता येत नाही, त्यामुळे बैठकीच्या सुरुवातीला बोलून दाखवता येतील अशी दोन-तीन वाक्यं कोणी सुचवाल का?