घरात रेंज नाही म्हणून वायफाय कॉलिंग, आणि इंटरनेट मंदावलं की त्याचं काय होतं? तुमचे अनुभव सांगा

ओसरी
आमच्या घरात खिडकीपाशी मोबाइलची एखादी कांडी येते, आतल्या खोलीत तीही नाही. भिंती जाड, वर स्लॅब. त्यामुळे दीड वर्षापासून सगळे फोन वायफाय कॉलिंगवर चालतात आणि एरवी आवाज अगदी स्वच्छ येतो. पण संध्याकाळी काही वेळा विचित्र प्रकार होतो. मला समोरच्याचं सगळं नीट ऐकू येतं, आणि बहीण मात्र म्हणते, "तुझा आवाज तुटतोय, अर्धे शब्द गिळले जातायत." काही वेळा आम्ही दोघी एकदमच बोलायला लागतो, मग दोघी एकदमच थांबतो. स्पीड टेस्ट केली तर डाउनलोड २० एमबीपीएस, अपलोड २ एमबीपीएस. लाइन मंद असली तरी एका फोन कॉलला एवढं पुरू नये? ज्यांच्याकडे असं झालंय त्यांनी काय झालं, काय करून पाहिलं, ते सविस्तर लिहा. जमलं नाही तेही लिहा.

मंदसमीर
आमच्याकडे हेच होत होतं. मी सरळ मोठा प्लॅन घेतला आणि तुटणं बंद झालं. वायफाय कॉलला स्पीड लागतोच. २० एमबीपीएसमध्ये घरातले चार जण व्हिडिओ बघत असतील तर फोनला काय उरणार?

पाऊलवाट
मला व्हॉट्सॲप कॉलचा तोच त्रास आहे, शिवाय डेटा फार जातो. वायफाय कॉलिंग चालू केलं तर व्हॉट्सॲपचे कॉल सुधारतील का?

सुलभा
पाऊलवाट, ते वेगळं. वायफाय कॉलिंग म्हणजे आपला नेहमीचाच नंबर, नेहमीचाच डायलर. फक्त कॉल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून कंपनीकडे जातो. समोरच्याकडे साधा फोन असला तरी चालतं. व्हॉट्सॲपला त्याचा काही फायदा नाही, पण लाइन तुंबली की दोन्ही सारखेच अडखळतात.

तारवाला
मी बरीच वर्षं नेटवर्कच्या कामात आहे. ओसरीताई, तुम्ही "मला ऐकू येतं, तिला येत नाही" असं लिहिलंत, त्यातच अर्धं निदान झालं. तुमच्याकडे येणारी बाजू मोकळी आहे आणि जाणारी बाजू तुंबतेय.

बोलणं दर २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातं, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. त्यांच्यावर कंपनीपर्यंत कूटबद्ध बोगद्याचं वेष्टन चढतं, तरी एका बाजूला साधारण १०० किलोबिटच्या आतच भागतं. २ एमबीपीएस अपलोडवर असे वीस कॉल बसावेत. तेव्हा प्रश्न जागेचा नाही, रांगेचा आहे.

घरातलं कुणी फोटोंचा बॅकअप लावलाय का ते बघा. बॅकअप जितकी मिळेल तितकी अपलोड खातो, आणि जे लगेच जात नाही ते राउटर किंवा मोडेम साठवून ठेवतो. समजा त्याच्यात २५६ किलोबाइटची रांग मावते. ती साधारण २ मेगाबिट झाली, आणि तुमची लाइन सेकंदाला २ मेगाबिटच पुढे ढकलते. म्हणजे तुमचा शब्द त्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहतो आणि एक सेकंदाने बाहेर पडतो. रांग भरली की मागून येणारी पाकिटं फेकलीच जातात. बहिणीचा फोन थोडा वेळ वाट बघतो, पण फार उशिरा आलेला तुकडा तोही टाकून देतो. तिला गिळलेले शब्द ऐकू येतात ते याच दोन कारणांनी. एकाच वेळी बोलायला लागणं हे त्या एका सेकंदाच्या उशिराचं लक्षण आहे. एका दिशेला १५० मिलिसेकंदांपर्यंत उशीर सहसा जाणवत नाही, ४०० च्या पुढे संभाषण मोडतं.

मंदसमीर, तुमचा उपाय लागू पडला कारण मोठ्या प्लॅनमध्ये अपलोडही वाढला असणार, त्यामुळे रांग लवकर रिकामी होते. फक्त डाउनलोड वाढला असता तर फरक पडला नसता.

ताई, एक करून बघा. विंडोजचा लॅपटॉप त्याच वायफायला जोडून कमांड प्रॉम्प्टमध्ये खालची ओळ चालू ठेवा आणि कॉल लावा. पाकीट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते त्यात दिसतं. बॅकअप चालू असताना आणि थांबवल्यावर आकडे कसे बदलतात ते लिहून ठेवा.

```
ping -t 8.8.8.8
```

रानवारा
माझा त्रास वेगळा आहे, तरी इथेच मांडतो. बोलत बोलत जिना उतरायला लागलो की कॉल तुटतो. बाहेर पूर्ण रेंज असते, फोन तरीही वायफायलाच चिकटून राहतो. एक कांडी उरली तरी सोडत नाही. आता सवय लावून घेतलीय, की निघायच्या आधी दारातच वायफाय बंद करायचं. आमच्या दारात फोर-जी येतं, त्यामुळे कॉल न तुटता टॉवरवर जातो. पूर्वी राहायचो तिथे दाराशी फक्त टू-जी होतं, तिथे असं केलं की कॉल लगेच तुटायचा.

तारवाला
रानवारा, निरीक्षण बरोबर आहे. चालू कॉल वायफायवरून फोर-जीवर किंवा फाइव्ह-जीवर सरकू शकतो, टू-जीवर सहसा नाही. फोन चिकटून राहतो त्याचंही कारण आहे: बहुतेक फोन वायफायच्या कांड्या बघूनच निर्णय घेतात. त्या वायफायच्या पलीकडे लाइन किती तुंबलीय हे त्यांना फारसं कळत नाही. म्हणून इंटरनेट रांगत असलं तरी फोन पूर्ण कांड्या दाखवून कॉल वायफायवरच लावतो. काही फोनमध्ये वायफाय कॉलिंगच्या सेटिंगमध्ये "मोबाइल नेटवर्कला प्राधान्य" असा पर्याय असतो. खिडकीत थोडी रेंज असणाऱ्यांनी तो लावून बघावा.

ओसरी
करून बघितलं. शनिवारी संध्याकाळी, बॅकअप थांबवलेला असताना:

```
Reply from 8.8.8.8: bytes=32 time=21ms TTL=117
Reply from 8.8.8.8: bytes=32 time=19ms TTL=117
```

बॅकअप सुरू केला आणि अर्ध्या मिनिटात:

```
Reply from 8.8.8.8: bytes=32 time=884ms TTL=117
Reply from 8.8.8.8: bytes=32 time=1043ms TTL=117
Request timed out.
```

त्याच क्षणी बहीण म्हणाली, "गेला बघ आवाज." मी काही बोलले नाही, बॅकअप थांबवला, आणि दहा-बारा सेकंदांत ती स्वतःहून म्हणाली, "आता ठीक आहे." तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. आणि बॅकअप माझ्याच फोनमधून चालला होता! संध्याकाळी घरी आले, फोन चार्जिंगला लावला, की तो आपोआप सुरू होतो. मी मात्र दीड वर्ष भिंतींना दोष देत होते.

कंदील
राउटरमध्ये प्राधान्याचं पान असतं, तिथे तुमच्या फोनला सगळ्यात वरचा क्रमांक द्या. मी तसंच केलंय. शिवाय वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घ्या, मग काही बघायला नको.

तारवाला
कंदील, सल्ला चांगला आहे, पण या घरात अडेल. बॅकअप आणि कॉल एकाच फोनमधून जातायत, फोनला प्राधान्य दिलं तर बॅकअपलाही तेच मिळणार. "व्हॉइस" असा तयार पर्यायही बहुतेक वेळा उपयोगी पडत नाही, कारण कॉल कूटबद्ध बोगद्यात असतो आणि आत बोलणं आहे हे राउटरला दिसत नाही. बाहेरून फक्त यूडीपीचं ४५०० पोर्ट दिसतं. पोर्टवर नियम लावता येत असेल तर त्याच्यावर लावा.

पण त्याआधी रांग आपल्या ताब्यात आणावी लागते, तोवर प्राधान्याचा उपयोग नाही. ती मोडेममध्ये साठत असेल तर राउटरमधला क्रम काय कामाचा? राउटरमध्ये अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या जरा खाली ठेवा, २००० किलोबिट असेल तर १७००. मग रांग राउटरमध्येच लागते. राउटरमध्ये `SQM` असेल आणि त्यात `cake` किंवा `fq_codel` निवडता आलं तर उत्तम. ते प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने पुढे सोडतं, मग एकाच फोनमधले बॅकअप आणि कॉलही वेगळे होतात.

५ गिगाहर्ट्झचं म्हणाल तर ते हवेतल्या गर्दीवर औषध आहे आणि जाड भिंतीमागे लवकर दमतं. आधी राउटरलाच `ping` करून बघा, पत्ता बहुधा `192.168.1.1` असतो. तिथेच आकडे उड्या मारत असतील तर दोष वायफायचा, तिथे २-५ आणि बाहेर हजार असेल तर लाइनचा.

सुलभा
एक काळजीची गोष्ट सांगते, कारण आमच्या घरी सासरे एकटे असतात. वायफाय कॉलिंगवर भरवसा ठेवलात तर वीज गेली की राउटर बंद, आणि त्याबरोबर घरातला फोनही बंद. आम्ही राउटर आणि मोडेम दोन्हींना छोटी बॅटरी जोडून घेतली. आधी फक्त राउटरलाच जोडली होती, ऐनवेळी मोडेम बंद पडला तेव्हा लक्षात आलं. आपत्कालीन नंबरला फोन लावायचा असेल तर सासऱ्यांना सांगून ठेवलंय, की आधी पत्ता सांगायचा. वायफायवरून गेलेल्या कॉलवर घर नेमकं कुठे आहे हे पलीकडे बरोबर दिसेलच असं नाही.

ओसरी
आमच्या राउटरमध्ये `SQM` नाही, पण अपलोडची मर्यादा आहे. १७०० ठेवली. बॅकअप चालू असताना आता ९० ते २०० मिलिसेकंदांच्या आसपास राहतं, मधूनच ३०० दिसतं. बहिणीशी पाऊण तास बोलले. दोनदा किंचित अडखळलं, शब्द गेला नाही. शिवाय बॅकअपची वेळ बदलून रात्रीची केली, त्याचाच फायदा जास्त झाला असं वाटतं. राउटरला केलेला `ping` आतल्या खोलीत ४ ते ६ येतो, म्हणजे वायफाय ठीक आहे.

पाऊलवाट
मीही मोजलं. माझ्याकडे काहीच अपलोड चालू नसतानाही रात्री नऊनंतर २५० च्या वर जातं आणि राउटरपर्यंत मात्र ३ आहे.

तारवाला
मग तुमची गर्दी घराबाहेर, कंपनीच्या बाजूला आहे. आपण राउटरमध्ये काहीही केलं तरी ती हटत नाही. चार-पाच दिवसांचे वेळेसकट आकडे लिहून तक्रार करा, "स्लो आहे" एवढंच म्हणू नका.

रानवारा
तारवाला, अजून एक. माझा फोन तासभर नुसता पडून राहिला की आलेले कॉल वाजतच नाहीत, नंतर मिस्ड कॉलचा मेसेज येतो. मी स्वतः लावला की लगेच लागतो. इंटरनेट तेव्हा अगदी ठीक असतं.

तारवाला
दोन संशय आहेत. राउटर न वापरलेली यूडीपीची जोडणी लवकर पुसून टाकत असेल, किंवा फोन बॅटरी वाचवायला वायफाय झोपवत असेल. दुसऱ्या घरी, दुसऱ्या वायफायवर तासभर फोन पडू द्या आणि कुणाला तरी फोन करायला सांगा. तिथेही वाजला नाही तर फोनकडे बघायचं, वाजला तर राउटरकडे.

रानवारा
रविवारी मित्राकडे करून बघितलं. पहिल्यांदा वाजला, दुसऱ्यांदा नाही. पुढच्या आठवड्यात बॅटरी सेव्हर बंद ठेवून परत बघतो आणि इथे लिहितो. कुणाकडे असंच होऊन सुटलं असेल तर काय केलंत ते जरूर सांगा.