तंबाखू सोडायची आहे, दोन एकर कोरडवाहू; मदत हवी

काळवट_रान: निपाणीजवळ आमची दोन एकर काळी जमीन आहे, विहिरीला जानेवारीनंतर पाणी नाही. आजोबांपासून बिडीची तंबाखू करतो. लावणीआधी व्यापारी उचल देतो, म्हणून माल त्यालाच घालायचा. दर तो म्हणेल तो, पैसे तुकड्यातुकड्यानं. गेल्या हंगामात एकरी ५ क्विंटल पडली, किलोला ११० मिळाले, म्हणजे ५५ हजार. रोप, खत आणि मजुरी मिळून २८ हजार गेले. शेंडा खुडल्यावर दर आठवड्याला फुटवे काढायला घरची तीन माणसं राबतात, ती मजुरी यात धरलेली नाही. वडील म्हणतात, दुसऱ्या कुठल्या पिकात एवढे एकदम येतात? काय करावं?

दूधगंगा_ऊस: ऊस लाव बाबा. आम्ही लिफ्टवर केला, तंबाखूचं नाव काढत नाही आता. पैसे उशिरा येतात, पण येतात.

काळवट_रान: दादा, पाणी असतं तर विचारलंच नसतं.

बाजारभाव_बघा: तंबाखू बोर्डाकडे जा, परवाना सोडला की मदत मिळते म्हणतात. आणि टोमॅटो, वांगी करा. निपाणीचा बाजार जवळ, रोज पैसे हातात.

जुना_कृषी_सहायक: बोर्डाचा संबंध सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूशी, तिकडे हुणसूर-पिरियापट्टणकडे. आपली बिडीची तंबाखू बोर्डाच्या लिलावात येतच नाही, तेव्हा सोडायला परवानाही नाही. तंबाखूऐवजी दुसरी पिकं घ्यायला केंद्राची योजना २०१५-१६ पासून आहे, ती कृषी खात्यामार्फत चालते. यंदा निधी आलाय का ते रयत संपर्क केंद्रात विचारा. जमिनीच्या पहाणीचा उतारा बरोबर न्या.

टोमॅटो-वांग्याचं मात्र जपून. तुमच्या रानात बंबाखू उगवतो का? तंबाखूच्या बुडाशी जमिनीतून पिवळट-पांढरे कोंब येतात, वर जांभळट फुलं, आणि वरचं झाड भर दुपारी मान टाकतं. तोच टोमॅटो आणि वांग्याच्या मुळांनाही लागतो. बी धुळीसारखं बारीक, मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. एका शेतकऱ्यानं तंबाखू मोडून त्याच वाफ्यात वांगी लावली, खताचा दोष समजून खत टाकत राहिला. शेवटी माती उकरून दाखवली तेव्हा पटलं.

काळवट_रान: आहे बंबाखू, वरच्या तुकड्यात भरपूर. मग काय उरलं?

जुना_कृषी_सहायक: सोयाबीन, मग हरभरा. वडिलांचं गणित एका पिकाशी एक पीक असं आहे, तिथंच घोळ होतो. तंबाखू ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत रान अडवते. ती काढली तर खरीप आणि रब्बी दोन्ही मोकळे होतात.

हिशेब पडत्या दरानं धरतो. २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता आणि बाजार त्याच्या खाली, म्हणून ४२०० धरू. एकरी ८ क्विंटलचे ३३,६००, खर्च १८ हजार, उरले १५,६००. हरभरा साडेचार क्विंटल, ५४००नं २४,३००, खर्च ९ हजार, उरले १५,३००. दोन्ही मिळून ३०,९००. तुमच्या तंबाखूचे २७ हजार उरले, त्यातून तीन माणसांचे फुटवे अजून वजा व्हायचेत.

पण हे हरभऱ्यावर उभं आहे. सोयाबीन जूनमध्ये पडली पाहिजे आणि सप्टेंबरअखेर रान मोकळं झालं पाहिजे, म्हणजे ओल असताना पेरता येतं. परतीचा पाऊस दगावला तर १५ हजारांवर भागवावं लागेल. आपल्याकडे सोयाबीनवर तांबेराही येतो, जे.एस. ३३५ त्याला बळी पडते. धारवाडची डी.एस.बी. २१ तग धरते.

बाजारभाव_बघा: बंबाखूचं ठाऊक नव्हतं. पण साहेब, ८ क्विंटल प्रत्येकाला पडत नाही. माझ्या मेव्हण्याला ५ पडली.

जुना_कृषी_सहायक: हलक्या रानात ५ च पडते. मग सोयाबीनमध्ये तीन हजारच हातात राहतात. खोल काळ्या रानाचा हिशेब केला मी.

काळवट_रान: जमीन खोल आहे. खरी अडचण उचलेची. गेल्या वर्षीची फिटलेली नाही, आणि जूनमध्ये बियाण्याला पैसे लागतील. तंबाखू सोडतो म्हटलं की व्यापारी सगळी एकदम मागणार.

वहिनी_चिकोडी: आमच्याकडे हेच झालं होतं. एका एकरात तंबाखू ठेवली आणि तिच्या पैशातून उचल फेडली, दुसऱ्या एकरात सोयाबीन. व्यापाऱ्याला माल मिळत राहिला म्हणून तो गप्प बसला. बियाण्यासाठी गावच्या पीकेपीएस सोसायटीतून बिनव्याजी पीककर्ज घेतलं. कर्नाटकात मर्यादा ५ लाख आहे, पण हातात पडतं ते पिकाप्रमाणे, त्यामुळे फार आशा नको. आणि मुदतीत फेडलं तरच व्याज माफ, एक दिवससुद्धा उशीर नको.

काळवट_रान: वहिनी, पहाणी अजून आजोबांच्या नावावर आहे. चार भावांची नावं चढायची आहेत, एक काका पुण्यात. पीकेपीएस वडिलांच्या नावानं कर्ज देईल का?

वहिनी_चिकोडी: आमची पहाणी सासऱ्यांच्या नावावर होती, त्यांनीच सही केली. तुमच्यासारखं कुणी केलं असेल तर लिहा. आणि व्यापाऱ्याची उचल कागदावर आहे की तोंडी, ते आधी सांगा.

काळवट_रान: वहीत आहे. त्याच्या वहीत.