शब्दचर्चा: शनी दशमात, मग सप्तमावर ‘दहावी दृष्टी’ कशी?

मुग्धा: भावाचं कर्क लग्न, शनी दशमात मेषेत. पत्रिकेखाली लिहून दिलंय, ‘सप्तमावर शनीची दहावी दृष्टी’. पण दशमासमोर तर चतुर्थ येतं ना? ही ‘दहावी’ कुठून आली? स्थळं बघतोय, आईने धसका घेतलाय.

राजेश: दृष्टी सातवीच असते. लिहिताना चूक झाली असणार.

नाना: सातवी सगळ्यांनाच असते राजेशराव, पण तिघांना जास्तीची मिळालीय. मंगळ चौथ्या-आठव्या, गुरू पाचव्या-नवव्या, शनी तिसऱ्या-दहाव्या घरालाही पूर्ण दृष्टीने पाहतो. मुग्धाताई, शनी बसलाय ते घर एक धरून मोजा. मेष एक, वृषभ दोन, असं करत दहावी मकर येते, आणि कर्क लग्नाला मकर म्हणजेच सप्तम. मोजणी बरोबर आहे का ते सातव्या घरावरून ताडून बघा. ते बरोब्बर समोर आलं नाही, तर तुम्ही पुढच्या घरापासून सुरुवात केलीत. कुंडलीतले आकडे राशींचे असतात, त्यांना स्थानाचे क्रमांक समजू नका.

शैला: माझा मंगळ बाराव्यात. सप्तमात ग्रह नाही, तरी मला मंगळाची म्हणतात. ते यामुळेच का?

नाना: हो. बाराव्यातून आठवं घर मोजा, सप्तमच येईल. चौथ्यातला मंगळ चौथ्या दृष्टीने तिथेच पोचतो. आठव्यातला मंगळ मात्र सप्तमाला पाहत नाही, त्याचा दोष दृष्टीवरून सांगता येत नाही.

राजेश: म्हणजे मुग्धाताईंच्या भावाला शनीची वक्रदृष्टी!

नाना: वक्रदृष्टी हा बोलीतला शब्द झाला, इथे त्याचा संबंध नाही. मकर शनीचीच रास. धनी आपल्या घरावर लक्ष ठेवून असेल तर घर सांभाळलं जातं, लग्नाला उशीर झाला तरी. अडचण वेगळीच आहे. मेषेत शनी नीचेचा, म्हणजे धनीच अशक्त. सप्तम रिकामं आहे म्हणून सोडून देणारा हे दोन्ही चुकवतो. गुरू कुठे आहे?

मुग्धा: तिसऱ्यात, कन्येत.

नाना: मग कन्येपासून पाचवी मकर. गुरूही सप्तमाला पाहतोय. आईंना सांगा, एकट्या शनीवरून निकाल लावू नका. माझ्या वाचनात इथे उशीर दिसतो, नकार नाही.

शैला: राहूलाही पाचवी-नववी असते म्हणे?

नाना: काही जण धरतात, मी धरत नाही.

राजेश: आमच्याकडे धरतात, आणि अनुभवही येतो.

मुग्धा: शनी मेषेत अगदी शेवटी, २८ अंशांवर आहे आणि गुरू कन्येत ३ वर. तरी दोघांची दृष्टी पूर्णच मानायची?

नाना: राशीने मोजलं तर पूर्ण. अंशांनी मोजणारे दोघांचं बळ वेगवेगळं काढतील. त्यासाठी पत्रिकेतली स्पष्ट ग्रहांची पूर्ण यादी टाका.